दोन खोल्या, बावीस महिने आणि एक पत्र

मार्च २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मागच्या दोन खोल्यांतले भाडेकरू निघाले. नवरा-बायको आणि सहा वर्षांचा मुलगा. भाऊ जिनिंगमध्ये हिशेबाचं काम पाहत, ताई घरी शिलाई करत. त्यांना हिंगणघाटला काम लागलं. तिथल्या घरमालकानं खोली देण्याआधी एक अट घातली, जुन्या घरमालकाकडून लेखी आणा. भाडं कसं दिलं, घर कसं ठेवलं, आणि पाचपैकी किती गुण द्याल तेही.

भाऊ संध्याकाळी अंगणात येऊन म्हणाले, "काकू, एवढं लिहून द्या जी. जे असंन ते लिहा."

मी हो म्हटलं, आणि त्याच रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहायला बसले. पाचपैकी दोन. खाली लिहिलं, भाडं नेहमी उशिरा, भिंती खराब केल्या, दाराजवळ भेग पाडली. लिहून झाल्यावर मन हलकं झालं, हे कबूल करते. त्या दिवशीच मी रिकाम्या होत चाललेल्या खोलीत डोकावले होते आणि भिंतींची दशा पाहून जीव तुटला होता. या खोल्या यजमानांच्या निवृत्तीच्या पैशांतून बांधल्या आहेत. एकेक वीट कुठून आली ते मला ठाऊक आहे.

सकाळी यजमानांनी ते वाचलं आणि एकच विचारलं, "नेहमी उशिरा म्हणजे किती वेळा?"

मला सांगता आलं नाही. तिथून हे सगळं सुरू झालं, आणि पत्र पूर्ण व्हायला पुढे नऊ दिवस लागले.

करार साधा होता. १ जून २०२३ पासून अकरा महिने, मग पुन्हा अकरा महिने, असे ३१ मार्च २०२५ पर्यंत बावीस. भाडं ३,५००, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. अनामत ७,०००. विजेचं सबमीटर वेगळं, त्याचा कधी वाद झाला नाही.

मी भाड्याची वही काढली आणि यजमानांच्या फोनमधले यूपीआयचे मेसेज. बावीस ओळी आखल्या आणि प्रत्येकीसमोर पैसे हातात आल्याची तारीख लिहिली. दुपारभराचं काम झालं, पण त्या तारखा पाहून मी गप्पच झाले. चौदा महिने भाडं ५ तारखेच्या आत आलं होतं. चार महिने ६ ते १० च्या दरम्यान. १० च्या पुढे गेलेले महिने फक्त तीन, २०२४ चे जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर. जुलैचं १३ तारखेला, ऑगस्टचं २४ ला, सप्टेंबरचं १८ ला. हे तीन लागोपाठ आले म्हणून माझ्या मनात "नेहमी" होऊन बसले होते. आमच्याकडे जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो, पावसाळ्यात कामही नसतं आणि पगारही ओढूनताणून होतो. हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. तरी पत्रात मी कारण लिहायचं नाही असं ठरवलं, कारण त्यांचा पगार कधी झाला हे मी पाहिलेलं नाही. मी पाहिलं ते एवढंच, की तिन्ही वेळा त्यांचा मेसेज ५ तारखेच्या आधी आला होता, "या महिन्यात उशीर होईल" म्हणून. ते मेसेज फोनमध्ये आहेत, म्हणून ते लिहिता आले.

बेरीज केली तर चौदा, चार आणि तीन म्हणजे एकवीस. एक महिना सापडेना.

जानेवारी २०२४. वहीत त्या ओळीत काहीच नाही, यूपीआयमध्येही नाही. भाऊंना विचारलं तर ते म्हणाले, संक्रांतीच्या सुमारास काकांच्या हातात नगदी दिले. यजमानांना आठवत नाही. मी दोन दिवस त्या एका रिकाम्या ओळीकडे पाहत होते. "एक महिन्याचं भाडं वादात" असं लिहिलं असतं तर हिंगणघाटच्या माणसानं दुसरं काही वाचलंच नसतं. पण मी स्वतःला विचारलं की पैसे मिळाले नसते तर मी काय केलं असतं? फेब्रुवारीत मागितले असते. मागितल्याचा एकही मेसेज नाही, आणि त्यानंतर चौदा महिने मी त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. अकरा महिन्यांनी करार पुन्हा केला, तेव्हाही बाकी दाखवली नाही. आणि पावती देणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. माझ्या न दिलेल्या पावतीचा भार त्यांच्या नावावर कसा टाकणार? त्या महिन्याचं भाडं मिळालं असं धरलं आणि तारीख माहीत नाही म्हणून मोजणीतून वगळलं. पत्रात तसंच लिहिलं: एकवीस महिन्यांच्या तारखा उपलब्ध, थकबाकी काही नाही.

भाड्याला पाचपैकी चार दिले. पहिल्या रात्री माझ्या डोक्यात तिथे एक होता.

भिंतींचं काम मात्र सोपं नव्हतं.

समोरच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला खिडकी आहे. तिच्या बाहेर लोखंडी स्टँडवर भाडेकरूंचा कूलर असायचा. खिडकीच्या चौकटीखाली दोन फूट रुंद आणि तीन फूट लांब असा छपाईचा, म्हणजे गिलाव्याचा, पट्टा फुगून आला होता, रंगाचे पापुद्रे लोंबत होते. आणि त्याच भिंतीला, शिवाय शेजारच्या दोन भिंतींना, जमिनीपासून दीड फुटापर्यंत पोपडे धरलेले. हात लावला की पांढरं पीठ बोटांना लागायचं. मी ते सगळं एकच समजले होते. कूलरचं पाणी भिंतीत मुरलं आणि खोली सडली.

मिस्त्रीला बोलावलं ते खर्च काढायला. पूर्ण खोलीचे त्यानं ६,२०० सांगितले. मी म्हटलं, अनामतीतून कापून घेते. तो थोडा वेळ भिंतीपाशी उकिडवा बसून राहिला, मग थापीच्या दांड्यानं खिडकीखाली ठोकलं. पोकळ वाजलं. नखानं थोडी छपाई काढून माझ्या तळहातावर ठेवली. कोरडी, भुसभुशीत, रांगोळीसारखी. मग खाली जमिनीजवळून तसाच एक तुकडा काढला आणि तोही हातावर ठेवला. तो गार होता आणि दाबला तर बोटाला चिकटला.

"काकू, कूलर कधीचा बंद आहे?"

"मागच्या पावसाळ्यापासून."

"मग वरचं वाळलं ना. हे खालचं काऊन ओलं आहे?"

त्यानं मला समजावलं ते असं. कूलरचं पाणी वरून येतं, चौकटीपाशी सुरू होतं आणि खाली उतरत पसरतं. कूलर बंद झाला की भिंत वाळते, फक्त छपाईची पकड गेलेली असते, म्हणून ती पोकळ वाजते. जमिनीतली ओल खालून वर चढते. ती भिंतीच्या पूर्ण लांबीला साधारण एका उंचीपर्यंत येते, कूलर कुठे आहे हे तिला कळत नाही. पाणी वाळतं आणि त्यातला क्षार वर राहतो, तोच लोणा. आमच्या जोत्यात ओल अडवणारा थर घातलेलाच नाही, आणि मागच्या बाजूला न्हाणीचं पाणी भिंतीलगत वाहतं. म्हणजे मार्चच्या कोरड्या हवेतही जी ओल जिवंत आहे, ती घराची आहे. भाडेकरू राहो न राहो, ती येणारच.

मला हे पटलं, पण मन तयार होईना. म्हणून पुण्याच्या मुलाला फोन करून भाडेकरू आले त्या दिवशीचे फोटो मागितले. त्यानं तेव्हा तीनच काढले होते, तेही सामान उतरवताना. तिसऱ्या फोटोत कोपऱ्यात गॅसचं सिलिंडर आहे. फोटो मोठा करून पाहिला तर सिलिंडरच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पिठाची रेघ ओढावी तशी पांढरी लकीर स्पष्ट दिसते. जून २०२३. त्यांचा कूलर तेव्हा टेम्पोतच होता.

त्याच फोटोत दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेगही होती. त्यांचा मुलगा दार आपटतो म्हणून मी त्या लेकराला कितीदा ओरडले असेन. काळ्या मातीवरच्या घरांना अशी भेग जाते. माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि भिंत तिच्यासोबत हलते. ताईंच्या फोनमध्ये मुलाचा गणपतीतला सायकलवरचा फोटो निघाला, त्यात मागे तीच भेग केसाएवढी बारीक आहे. जूनच्या फोटोत मात्र बोटाची पेर जाईल एवढी रुंद. दार आपटून पडलेली भेग पावसात अशी मिटत नाही. मी त्या पोराला जवळ बोलावून तसं सांगितलं.

माझा भाचा वकिली करतो. त्याच्याशी बोलले तेव्हा त्यानं सांगितलं की मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात कलम १०८ मध्ये हेच आहे. भाडेकरूनं जागा जशी घेतली तशी परत करायची, पण वाजवी वापरानं होणारी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या गोष्टींनी झालेला बदल त्याच्या माथी येत नाही. खिडकीखालचा पट्टा मात्र झीज नव्हे. टाकीची गळती दुरुस्त केली असती किंवा खाली पत्र्याची पन्हळ लावली असती तर तो टळला असता. भाऊंनी तो लगेच मान्य केला. एप्रिल २०२४ मध्ये पंपाची नळी निसटून पाणी चौकटीवर पडत होतं आणि आठवडाभर तसंच चाललं, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

त्या पट्ट्यापुरता हिशेब मिस्त्रीकडून वेगळा करून घेतला. त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी ४५०, बिगाऱ्याची २५०, सिमेंट-वाळू ३५०, आणि प्रायमर-रंग २५०. एकूण १,३००. रंगाचे २५० मी सोडून दिले. खोलीला शेवटचा रंग २०२० च्या दिवाळीत दिला होता, तो यंदा मला द्यायचाच होता. जुन्या रंगाच्या बदल्यात भाडेकरूकडून नवा रंग घेणं बरोबर नाही. १,०५० कापले आणि ५,९५० परत केले. कुठे ६,२०० आणि कुठे १,०५०. चिडून लिहिलेला कागद तसाच दिला असता तर फरकाचे ५,१५० मी शिलाई करणाऱ्या बाईच्या पैशांतून घेतले असते, आणि वर तिला वाईटही ठरवलं असतं.

घराच्या निगेला पाचपैकी तीन दिले. मुलगा म्हणाला, आता एवढं कळल्यावर चार दे. मी दिले नाहीत. गळती आठवडाभर चालू राहिली हे खरं आहे आणि हिंगणघाटलाही खिडकी आणि कूलर असणारच. त्या घरमालकाला ते कळायला हवं. पण त्याच ओळीत हेही लिहिलं की त्यांनी ते स्वतः सांगितलं आणि खर्च वाद न करता दिला.

काही गोष्टी मी लिहिल्या नाहीत. ताई रात्री साडेअकरापर्यंत मशीन चालवत, मला झोप लागत नसे. पण मी त्यांना कधी सांगितलं नाही आणि करारात तसं काही नव्हतं. जे सांगितलंच नाही ते पाळलं नाही म्हणून गुण कापता येत नाहीत. शेजारच्या बाई म्हणाल्या, ते नालीत कचरा टाकत. मी पाहिलं नाही, म्हणून लिहिलं नाही. त्यांच्याकडे कोण यायचं, काय शिजायचं, देव कोणता पुजायचे, याचा खोलीच्या भाड्याशी संबंध नाही. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्या भागात घरमालकाला फोन आला की पहिला प्रश्न बहुतेक तोच असतो.

मग मी भाऊंना म्हटलं, आता तुम्ही माझ्याबद्दल लिहा. आरोग्य केंद्रात नव्या आलेल्या सिस्टर खोली पाहून गेल्या होत्या, आणि आधीच्या भाडेकरूंशी बोलायचं म्हणाल्या होत्या. भाऊ फार संकोचले. "काकू, तुमच्याबद्दल काय लिहू जी?" मी म्हटलं, मी लिहिलं तसंच. तारीख असेल तर लिहा, नसेल तर नका लिहू.

त्यांनी दोन दिवसांनी कागद दिला. ताईंचं अक्षर होतं. भाड्याच्या व्यवहाराला पाचपैकी तीन: भाडं मध्येच वाढवलं नाही, पण बावीस महिन्यांत एकही पावती नाही. दुरुस्तीला तीन: स्लॅब गळतो हे ८ जुलै २०२४ ला फोटोसह कळवलं, मिस्त्री २७ जुलैला आला, त्यानंतर गळला नाही. अनामतीला पाच: घर सोडल्यापासून सहा दिवसांत, लेखी हिशेबासह परत.

दुरुस्तीच्या तीनवर माझं मन खट्टू झालं. माझ्या आठवणीत मी मिस्त्रीला लगेच बोलावलं होतं. यजमानांचा फोन घेऊन पाहिला. ८ जुलैचा मेसेज, सोबत फोटोत छताखाली ठेवलेली बादली आणि गुंडाळून वर केलेली गादी. मिस्त्रीला माझा पहिला फोन १५ जुलैला. सात दिवस मी काहीच केलं नव्हतं. पुढचे बारा दिवस पावसाचे होते. कठड्याच्या सांध्यात मसाला भरून वर वॉटरप्रूफिंगचा थर द्यायला स्लॅब कोरडा लागतो, त्यामुळे सलग उघडीप मिळेपर्यंत थांबावं लागलं. ते बारा दिवस आभाळाचे म्हणता येतील. सात माझे होते. त्या सात रात्री ती माणसं बादली बदलत झोपली होती. मी ताईंना म्हटलं, तीन बरोबर आहेत. एवढंच करा, सात आणि बारा वेगळे लिहा. त्यांनी तिथेच बसून ती ओळ पुन्हा लिहिली.

माझ्या पत्रात शेवटी दुरुस्ती कळवण्याबद्दल एक ओळ वाढवली आणि तिला पाच दिले. गळती, न्हाणीचा तुंबलेला पाइप, तुटलेली कडी, या तिन्ही गोष्टी त्यांनी दिसल्या त्याच दिवशी फोटो काढून कळवल्या होत्या. घरमालकाच्या दृष्टीनं याला फार किंमत आहे. न सांगता सहन करणाऱ्या भाडेकरूमुळे छोटी गळती छताची सळई गंजवते.

सगळ्या गुणांची सरासरी काढून एकच आकडा लिहायचा नाही हे मी आणि भाऊंनी मिळून ठरवलं. सरासरीत कूलर आणि भाडं एकमेकांत मिसळून जातात आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. दोन्ही कागद आम्ही एकमेकांना वाचून दाखवले, खाली तारीख घातली, सह्या केल्या, आणि दोघांकडे दोन्हींची प्रत ठेवली.

हिंगणघाटच्या घरमालकांचा फोन आला तो पत्र मिळाल्यावर. त्यांनी विचारलं, "बाकी माणसं कशी आहेत?" मी म्हटलं, पत्रात जे आहे ते मी पाहिलेलं आहे, त्यातलं काहीही विचारा. मग त्यांनी नेमकं कूलरचंच विचारलं. मी नळी निसटल्याचं सांगितलं. ते म्हणाले, मग खिडकीखाली पत्रा ठोकून देतो.

सिस्टर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात राहायला आल्या. ताईंचा कागद त्यांनी नीट वाचला होता. आल्या आल्या पहिलं विचारलं, "खालचा लोणा अजून आहे ना?" मी हो म्हटलं. खिडकीखालचा पट्टा झाला आहे, पण खालचं काम न्हाणीचं पाणी दुसरीकडे वळवल्याशिवाय करण्यात अर्थ नाही, तो पाइप मे महिन्यात बदलायचा आहे, असं सांगितलं आणि करारातही लिहिलं. मग आम्ही दोघींनी रिकाम्या खोलीत फिरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढला, चारही कोपरे, चौकटींच्या खाली, दाराच्या वर. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीनं बारीक आडवी रेघ मारून तारीख घातली. त्यांचं सिलिंडर टेम्पोतून उतरलं होतं. ते कोपऱ्यात ठेवण्याआधी त्यांनी मला थांबवलं आणि त्या मागच्या भिंतीचा फोटो आधी काढून घेतला. मी आत जाऊन नवीन पावतीपुस्तक आणलं आणि अनामतीची पहिली पावती फाडली.